कर्जाचा ठराव आणि सह्यांचे अधिकार : शेतकरी उत्पादक कंपनीचे इतिवृत्त कसे लिहावे?

शेतकरी उत्पादक कंपनीने बँकेकडे कर्ज मागितले, की कागदपत्रांच्या यादीत एक ओळ हमखास असते : ‘संचालक मंडळाच्या ठरावाची खरी नक्कल’. बहुतेक ठिकाणी हे काम हिशेबनीसाकडे सोपवले जाते. तो बँकेचा छापील नमुना आणून मोकळ्या जागा भरतो आणि संचालक जमेल तसे येऊन सह्या करून जातात. पुढे तुरीच्या ऐन खरेदीत चेक परत आला, किंवा दोन-तीन वर्षांनी ‘हे कर्ज कोणाच्या परवानगीने घेतले?’ असा प्रश्न सभासदांनी विचारला, म्हणजे हा कागद शोधला जातो. म्हणून तो आधीच नीट लिहिलेला बरा.

उत्पादक कंपनीसंबंधीच्या तरतुदी २००२ च्या दुरुस्तीने जुन्या कंपनी कायद्यात आल्या. २०२० च्या दुरुस्तीने त्या कंपनी कायदा २०१३ मध्ये स्वतंत्र प्रकरण म्हणून घालण्यात आल्या. याच कायद्याच्या कलम १७९ प्रमाणे कंपनीसाठी कर्ज घेण्याचा अधिकार संचालक मंडळाने सभेत ठराव करूनच वापरायचा असतो. कागद घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या किंवा मोबाईलवरच्या गटात आलेले ‘मान्य’ हा सभेतील ठराव होत नाही. येथेच पुष्कळ कंपन्यांचा पाया कच्चा राहतो.

एक उदाहरण

समजा, एका कंपनीत निवडून आलेले १० संचालक आणि पदसिद्ध संचालक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारी असे एकूण ११ जण आहेत. जानेवारी ते मार्च या काळात सभासदांची तूर खरेदी करण्यासाठी कंपनीने जूनमध्ये ३५ लाख रुपयांच्या कॅश क्रेडिटची मागणी केली. त्या वेळी ‘३५ लाखांपर्यंत कर्ज मागण्यास मंजुरी’ असा ठराव झाला. डिसेंबरच्या आरंभी बँकेचे मंजुरीपत्र आले, ते ३० लाखांचे. शिवाय मालावर नजरगहाण, २५ टक्के मार्जिन आणि माल ठरावीक गोदामातच ठेवण्याची अट.

जुन्या ठरावावर काम भागेल काय? तीस लाख हे पस्तीस लाखांच्या आत आहेत हे खरे, परंतु जूनच्या ठरावात फक्त मागणी करण्याची परवानगी आहे. या अटी स्वीकारणे, माल नजरगहाण देणे आणि करारावर सही करणे यांचा त्यात उल्लेखच नाही. म्हणून मंजुरीपत्र हातात आल्यावर दुसरा ठराव करावा आणि त्यात मंजुरीपत्राचा क्रमांक व तारीख घालावी. पत्रातील रक्कम आणि ठरावातील रक्कम यांत एका रुपयाचाही फरक नसावा.

सभेची नोटीस मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने निदान ७ दिवस आधी प्रत्येक संचालकास लेखी द्यावयाची असते. घाईच्या प्रसंगी कमी मुदतीची नोटीस चालते, पण त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे लागते. आपल्या उदाहरणात नोटीस २ डिसेंबरला निघाली आणि सभा १० डिसेंबरला झाली. विषयपत्रिकेत ‘कर्जाची रक्कम, अटी, तारण व सह्यांचे अधिकार’ असा स्पष्ट विषय होता. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली कर्ज आणू नये.

गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, मात्र किमान ३ अशी आहे. अकराचा तिसरा हिस्सा ३.६७, म्हणजे ४ संचालक हवेत. सभेला ८ जण हजर होते. त्यांपैकी एका संचालकाच्या सख्ख्या भावाचे गोदाम कंपनीने भाड्याने घेतले आहे आणि बँकेच्या अटीतील गोदाम तेच आहे. त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि विषय संपेपर्यंत ते बाहेर बसले. उरलेल्या सातांपैकी सहा जणांनी ठरावाच्या बाजूने व एकाने विरोधात मत दिले. हे सगळे इतिवृत्तात जसेच्या तसे आले पाहिजे. विरोध झालेला असताना ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. विरोध करणाऱ्याचे नाव लिहिल्याने ठराव दुबळा होत नाही. उलट सभा खरोखर झाली याचा तो पुरावा ठरतो.

ठरावाचे शब्द

ठराव पुढीलप्रमाणे लिहिता येईल. मोकळ्या जागी पूर्ण नावे घालावीत. ‘अध्यक्ष’, ‘सचिव’ एवढी पदे पुरेशी नाहीत.

“ठरविण्यात येते की, ........ बँक, शाखा ........ यांच्या दिनांक ........ च्या मंजुरीपत्र क्र. ........ मधील, सभेत वाचून दाखविलेल्या अटींवर, सभासदांकडील तूर खरेदीसाठी रु. ३०,००,००० (अक्षरी रुपये तीस लाख फक्त) मर्यादेचे कॅश क्रेडिट कर्ज घेण्यात यावे व त्यासाठी ........ येथील गोदामातील कंपनीचा माल बँकेस नजरगहाण द्यावा.

कर्जाच्या करारावर व नजरगहाणखतावर कंपनीच्या वतीने अध्यक्ष श्री. ........ व मुख्य कार्यकारी अधिकारी श्री. ........ यांनी एकत्रित सह्या कराव्यात. हा अधिकार वरील मंजुरीपत्रापुरताच राहील.

कर्जखात्यावरील व्यवहार ‘अ’ गटातील (१) श्री. ........, (२) श्रीमती ........ यांपैकी कोणीही एक आणि ‘ब’ गटातील (१) श्री. ........, (२) श्री. ........ यांपैकी कोणीही एक, अशा दोघांच्या एकत्रित सहीने व्हावेत. दरमहाचे मालाचे पत्रक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सहीनिशी द्यावे. सह्यांच्या अधिकारासंबंधीचे यापूर्वीचे ठराव या खात्यापुरते रद्द समजावेत.”

यातील दुसरा आणि तिसरा परिच्छेद मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. करारावर सही हे एकदाचे काम आहे, तर खाते चालवणे हे रोजचे. बँकेच्या छापील नमुन्यात पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात आणि ‘वेळोवेळी ठरेल ती रक्कम’ असे शब्द असतात. त्यावर सही केल्यास अधिकार मिळालेल्या व्यक्ती पुढे मंडळाला न विचारता मर्यादा वाढवून घेऊ शकतात. असे शब्द खोडून नेमकी रक्कम घालावी. मर्यादा वाढवायची असेल तेव्हा नवा ठराव करता येतो.

दोन गट कशासाठी?

‘अध्यक्ष किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे लिहिले, तर एकाच सहीवर पैसे निघतात. ‘अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे लिहिले, तर दोघांपैकी एक जण आजारी पडला की खरेदी थांबते, आणि तूर घेऊन आलेला सभासद व्यापाऱ्याकडे वळतो. दोन-दोन नावांचे दोन गट केल्यास प्रत्येक चेकवर दोन सह्या राहतात आणि काम एका माणसावर अडत नाही. एका घरातील दोन व्यक्ती वेगवेगळ्या गटांत ठेवू नयेत, कारण मग दोन सह्यांचा उपयोगच उरत नाही.

परगावी जाताना चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवणे ही तर सरळ एका सहीची व्यवस्था झाली. हल्ली बहुतेक भरणा संगणकावरून होतो. तेथेही एकाने व्यवहार नोंदवायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय बँकेकडून मागून घ्यावी आणि कोण काय करील ते ठरावातच लिहावे. मंजुरीचा सांकेतिक क्रमांक येणारा मोबाईल ज्याचा त्याच्याचकडे असावा. दोन्ही क्रमांक हिशेबनीसाच्या फोनवर येत असतील, तर ठरावातील ‘एकत्रित’ हा शब्द कागदावरच राहिला असे समजावे.

सही करणाऱ्याने राजीनामा दिला, त्याची मुदत संपली किंवा तो वारला, तर पुढच्या नियमित सभेची वाट पाहू नये. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि नवे नाव घालणारा ठराव ताबडतोब करावा. वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालक बदलले की ही यादी तपासून घ्यावी.

मंजुरीपत्रात संचालकांची वैयक्तिक हमी मागितली आहे काय, हेही सभेत वाचून दाखवावे. कंपनीचा ठराव कोणाही संचालकाला वैयक्तिक जामीन करू शकत नाही. जो हमीपत्रावर स्वतः सही करील तोच बांधला जातो, आणि पुढे त्याने संचालकपद सोडले तरी ती हमी आपोआप सुटत नाही.

मर्यादा ओलांडली जाते काय?

या कंपनीचे वसूल भागभांडवल १२ लाख आणि गंगाजळी ३ लाख, एकूण १५ लाख. कर्ज त्याच्या दुप्पट आहे. कलम १८० प्रमाणे असे कर्ज घेताना सभासदांचा विशेष ठराव लागतो. मात्र बँकेकडून मिळणारे कॅश क्रेडिटसारखे तात्पुरते कर्ज त्यातून वगळले आहे. खासगी कंपन्यांना २०१५ च्या अधिसूचनेने या कलमातून सूट मिळाली असून, २०१७ पासून ती सूट वार्षिक हिशेब व विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे वेळेवर भरणाऱ्यांनाच आहे. उत्पादक कंपनीला खासगी कंपनीचेच नियम लागतात. त्यामुळे उद्या डाळमिलसाठी मुदतीचे कर्ज घ्यायचे झाले आणि विवरणपत्रे थकलेली असली, तर संचालक मंडळाचा ठराव एकटा पुरणार नाही. शिवाय कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत कर्जाची मर्यादा घातलेली असू शकते. ती आधी वाचावी.

सभेनंतर

इतिवृत्त सभेपासून ३० दिवसांत पुस्तकात नोंदले गेले पाहिजे. वरील उदाहरणात ही मुदत ९ जानेवारीला संपते. पानांना ओळीने क्रमांक असावेत. प्रत्येक पानावर त्या सभेच्या किंवा पुढील सभेच्या अध्यक्षांची आद्याक्षरे अथवा सही, आणि शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही हवी. टाईप केलेला कागद पुस्तकात चिकटवणे नियमात बसत नाही. बँकेला नक्कल लगेच हवी असते, म्हणून ठरावाचा मसुदा सभेतच वाचून शब्दशः मंजूर करून घ्यावा. नकलेवर सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि ‘खरी नक्कल’ असा शेरा असावा. सह्यांचा अधिकार ज्याला मिळाला आहे, त्यानेच ती प्रमाणित करू नये. दुसऱ्या संचालकाची सही घ्यावी. नमुना सह्यांचे कार्डही त्याच नावांचे व त्याच क्रमाचे असावे. ठरावात वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि कार्डावर नुसती आद्याक्षरे असली, तरी कागद परत येतो.

कर्जाच्या करारावर १५ डिसेंबरला सह्या झाल्या, तर मालावरील बोजा १४ जानेवारीपर्यंत, म्हणजे ३० दिवसांत, कंपनी निबंधकाकडे ‘सीएचजी-१’ या फॉर्मवर नोंदवावा लागतो. त्यानंतर जादा शुल्क पडते. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेकडून ना-देय दाखला घेऊन बोजा उतरल्याची नोंदही करून घ्यावी लागते. ती राहिली, तर पुढच्या बँकेला निबंधकाच्या दप्तरी जुना बोजा कायम दिसतो आणि नव्या मंजुरीचे काम तेथेच थांबते.