‘युरोबॅगेत 250’ म्हणजे नक्की किती?

सर्जिकल वॉर्डात रात्री 8 वाजता ओव्हर घेताना मी आधी नोंद एकटीने वाचते. संध्याकाळच्या सिस्टर बोलायला लागल्या की त्यांच्या आवाजातला विश्वास कागदावरच्या रिकाम्या जागा भरून टाकतो, म्हणून.

एकदा नोंद अशी होती: ‘बेड 7. आतड्याचे ऑपरेशन, दुसरा दिवस. सलाईन चालू. युरोबॅगेत 250 मिली. सोडियम-पोटॅशियमसाठी रक्त पाठवले. लघवी कमी असल्याचे डॉक्टरांना कळवले.’

वाचायला पुरेशी वाटते. पण 250 मिली किती तासांत? पेशंटचं वजन 60 किलो. मोठ्या माणसात दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हावी, म्हणजे इथे तासाला 30 मिली. बॅग दुपारी 2 ला रिकामी केली असेल, तर सहा तासांत 250, म्हणजे तासाला जवळजवळ 42. ठीक आहे. सकाळी 8 नंतर कुणी रिकामीच केली नसेल, तर बारा तासांत तेवढीच, म्हणजे तासाला 21. आकडा तोच, पण आता पेशंटकडे लगेच बघायला हवं. नोंदीत नव्हती ती फक्त वेळ. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी मी ‘कधीपासून?’ असं पेन्सिलने लिहिते.

‘कळवले’ हा शब्द मला त्याहून जास्त खटकतो. कुणाला कळवलं, किती वाजता, आणि ते काय म्हणाले? ‘बघतो’ म्हणाले असतील, तर काम अजून उघडंच आहे. नोंदीत मात्र ते संपल्यासारखं दिसतं. रक्ताचंही तसंच. रिपोर्ट आला का, नसेल तर लॅबला फोन कोण करणार, हे कुठेच नाही.

हे प्रश्न घेऊन आम्ही दोघी बेडजवळ गेलो, सिस्टर घरी निघण्याआधी. इनटेक-आउटपुट चार्टवर दुपारी 2 चा रकाना कोराच होता. विचारल्यावर त्यांना आठवलं, दुपारी एका इमर्जन्सीमुळे बॅग रिकामी करायची राहिली होती. म्हणजे 21.

तरी फोन उचलण्याआधी नळी पाहायची. ती पेशंटच्या मांडीखाली दबली किंवा पिळवटली असेल, तर लघवी मूत्राशयातच साठते आणि बॅग खोटं सांगते. नळी मोकळी होती, ओटीपोट फुगलेलं नव्हतं. नाडी 112, बीपी 100/60. कागदावर हेही नव्हतं. चार्टवरचं शेवटचं बीपी संध्याकाळी 5 चं होतं.

आता फोन. रेसिडेंट डॉक्टरांना बारा तासांचा आकडा, वजन, नाडी, बीपी आणि अडकलेला रिपोर्ट एकत्र सांगितला. मग नोंदीत त्यांचं नाव, 8:20 ही वेळ, मिळालेली ऑर्डर आणि ‘9:20 ला पुन्हा मोजणे’ लिहिलं. बॅग 8:25 ला रिकामी केली, तेही.