ठरलं खरं, पण करायचं कुणी?

‘गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ हाउसिंग सोसायट्यांच्या इतिवृत्तात हे वाक्य हमखास सापडतं. कार्यवाही कोणती, खर्च किती, पैसे कुणाचे आणि काम कोण करून घेणार, यातलं काहीच त्यात नाही. पुढच्या पावसाळ्यात गच्ची पुन्हा गळते आणि सचिव म्हणतात, ‘मला कुठे सांगितलं होतं?’ कागदावर ते बरोबरच असतात.

आता बऱ्याच इमारतींत मराठी न वाचणारे सभासद असतात, म्हणून इतिवृत्त मराठीबरोबर इंग्रजीतही लागतं. एरवी हे जादा काम वाटतं, पण मोघम ठराव पकडायला त्याच्याइतकं चोख साधन नाही. ‘काम करून घेण्यात यावे’ हे मराठीत छान खपून जातं. तेच इंग्रजीत लिहायला बसलं की ‘शॅल’च्या आधी कुणाला तरी बसवावं लागतं, सेक्रेटरीला, ट्रेझररला नाहीतर मॅनेजिंग कमिटीला. कर्ता सापडत नसेल तर अडचण भाषांतराची नसते, सभेनं तो ठरवलेलाच नसतो. म्हणून मराठी इतिवृत्त आधी पुरं करून महिन्याभरानं कुणाच्या तरी मुलाकडून त्याचं इंग्रजी करून घेण्याची पद्धत मोडावी. निदान ठराव तरी दोन्ही भाषांत सभेतच लिहावेत, मोठ्यानं वाचावेत आणि मगच हात वर करायला सांगावं.

समजा, डोंबिवलीतली चोवीस सदनिकांची, चोवीस सभासदांची संस्था आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे अशा सभेची सूचना पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद लागतात. इथे सोळा. हजर आहेत सतरा. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, गळतंय वरच्यांचं, आम्ही का भरायचं? गच्ची संस्थेची आहे आणि तिच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्याच खर्चाने होते, हे अध्यक्ष समजावून सांगतात. अर्धा तास वाद होतो. इतिवृत्तात या वादाला दोन ओळी पुरतात. कोण काय बोललं याचं नाटक लिहू नये. आक्षेप कोणता होता आणि उत्तर काय दिलं, एवढंच हवं.

जागा द्यायची ती ठरावाला. तो असा लिहिता येईल : ‘ठराव क्र. ३ : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सर्व करांसह कमाल ७,२०,००० रुपये, अक्षरी सात लाख वीस हजार रुपये, खर्च मंजूर करण्यात येत आहे. प्रत्येक सदनिकेमागे सभासदाने ३०,००० रुपये दोन समान हप्त्यांत, ३१ ऑक्टोबर व ३० नोव्हेंबरपर्यंत, संस्थेच्या बँक खात्यात भरावेत. आलेल्या निविदांची छाननी करून व्यवस्थापन समिती ठेकेदार निवडील आणि सचिव कार्यादेश देतील.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं, आणि मतं : बाजूने चौदा, विरोधात दोन, तटस्थ एक. ठराव बहुमताने संमत. तीन हात वर गेले नसताना ‘एकमताने’ लिहून टाकायची सवय अनेक सचिवांना असते. विरोध करणाऱ्याला त्यातूनच तक्रारीला आयतं कारण मिळतं.

‘सर्वांनी लवकरात लवकर पैसे भरावेत’ असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? एखाद्याने भरले नाहीत की संस्था थकबाकी वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडे जाते. तिथे रक्कम किती, देय कधी झाली आणि कोणत्या ठरावाने, हे दाखवावं लागतं. थकबाकीवर व्याज लावायचं म्हटलं तरी ते मोजायला आधी तारीख हवी.

इंग्रजी मजकूर शेजारच्या रकान्यात, त्याच कलम-क्रमांकांनी द्यावा. म्हणजे ३.२ च्या समोर ३.२ च येतं आणि एखादी ओळ गळली तर लगेच दिसते. घोटाळे बहुधा किरकोळ वाटणाऱ्या जागी होतात. ‘सभासद’साठी इंग्रजीत ‘रेसिडेंट्स’ लिहिलं की भाडेकरूही त्यात आले, तिथे ‘मेंबर्स’च हवं. बोलताना आपण मासिक आकारणीलाही मेंटेनन्स म्हणतो आणि देखभालीच्या कामालाही. कागदावर दोन्ही वेगळी लिहावीत. सिंकिंग फंड मात्र मराठी रकान्यातही सिंकिंग फंडच राहू द्यावा, तो सगळ्यांना कळतो. देवनागरीतला ४ मराठी न येणाऱ्याला इंग्रजी आठासारखा वाटतो, म्हणून रक्कम अक्षरी लिहिणं दोन्हीकडे आवश्यक. तारखेतला महिनाही अक्षरी असावा. ५/१० ही तारीख न्यूजर्सीत राहणारा सदनिकामालक १० मे अशी वाचतो.

इतकं करूनही दोन मजकुरांत फरक राहू शकतो. तेव्हा कोणता धरायचा, हे सर्वसाधारण सभेत एकदाच ठराव करून ठेवावं. माझ्या मते मराठी धरावा, कारण उपनिबंधक कार्यालयाचा कारभार मराठीत चालतो. मात्र सभेतली सगळी चर्चा हिंदी-इंग्रजीत होऊन मराठी मजकूर कुणीच वाचत नसेल, तर तो नुसता प्रमाण मानून भागणार नाही.

आता जबाबदारीची नावं. ती ठरावाच्या पोटात घालू नयेत. ठरावात पद असावं आणि माणसाचं नाव खालच्या कार्यतक्त्यात. नाव ठरावात अडकलं आणि तो माणूस सहा महिने मुलीकडे बंगळुरूला गेला, तर नाव बदलायला पुन्हा सभा घ्यावी लागेल. तक्ता समिती बदलू शकते. अपवाद बँकेच्या ठरावाचा, तिथे सह्या करणाऱ्यांची नावंच लागतात.

तक्त्यात एका कामापुढे एकच नाव हवं. ‘समिती’ लिहिलं की सगळे एकमेकांकडे बघतात. नावासोबत सदनिका क्रमांकही द्यावा, कारण बहुतेक इमारतींत दोन कुलकर्णी निघतात. त्यापुढे तारीख, आणि काम झालं हे कशावरून कळेल तेही. ‘ठेकेदाराशी बोलणे’ हे काम कधीच संपत नाही. ‘सही झालेल्या कार्यादेशाची प्रत १० डिसेंबरपर्यंत फाइलला लावणे’ हे एकतर झालेलं असतं किंवा नसतं. आपल्या उदाहरणात तीन ओळी पुरतील : हप्ते गोळा करून थकबाकीदारांची यादी देणं खजिनदाराकडे, कार्यादेश सचिवांकडे, आणि काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून खालचे स्लॅब तपासणं समितीतल्या एका सदस्याकडे. या चाचणीचा लेखी अहवाल आल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये, हेही तिथेच लिहावं. ज्याचं नाव टाकलं तो सभेत हजर होता आणि हो म्हणाला, याची खात्री आधी करावी. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घालणं ही आपली जुनी खोड आहे.

आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा समितीने तीन महिन्यांत तयार करून सभासदांना पाठवायचा असतो. सभासदांना हरकत कळवायला पंधरा दिवस मिळतात आणि त्या विचारात घेऊन समिती इतिवृत्त कायम करते. मसुदा आला की निदान ठराव आणि कार्यतक्ता दोन्ही रकान्यांत वाचा, आणि काही खटकलं तर त्या पंधरा दिवसांत सचिवांना लेखी कळवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा अंगठा हरकतीत धरला जात नाही.