एन्झाइमचा आलेख गायब झालाय? तक्त्यावरून तो असा पुन्हा काढा

रोह्याला माझी मावसबहीण अकरावी सायन्सला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला. जीवशास्त्राच्या नोट्सची पीडीएफ ग्रुपवर फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचली होती. त्यात लिहिलं होतं, 'खालील आलेखाचे निरीक्षण करा', आणि खाली नुसता रिकामा चौकोन. चित्र वाटेत कुठेतरी उडालं होतं. शिल्लक होता तो बाजूचा तक्ता आणि त्यावरचे प्रश्न.

ती हुशार. तक्त्यावरून तिने स्वतःच आलेख काढला आणि फोटो पाठवला. सोबत प्रश्न: "दादा, ३७ अंशाला तर रेषा सगळ्यात खाली गेलीये. पुस्तकात सगळ्यात वर असते ना? माझं काय चुकलं?"

खरं तर तिने बिंदू बरोबर मांडले होते. गडबड उभ्या अक्षावर होती. पण तिथे जाण्याआधी हे आकडे येतात कुठून ते पाहू.

तक्त्यामागचा प्रयोग

एन्झाइमला मराठी पुस्तकात विकर म्हणतात. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. ते स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं, म्हणून पोहे बराच वेळ चावले की गोडसर लागतात. आयोडीनचा थेंब स्टार्चवर पडला की गडद निळा-काळा रंग येतो. स्टार्च संपलं की तो रंग येत नाही, आयोडीन आपलं पिवळसर तपकिरीच राहतं.

प्रयोग एवढाच. स्टार्चच्या पाण्यात लाळ मिसळायची, दर अर्ध्या मिनिटाला त्यातला एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनवर टाकायचा आणि निळा रंग यायचा थांबेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहायचं. हेच वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात परीक्षानळ्या ठेवून करायचं. लाळ आणि स्टार्च आधी वेगवेगळे पाच मिनिटं त्या पाण्यात ठेवायचे आणि मग एकत्र करायचे. आधी मिसळून नंतर तापवलं तर नळी गरम होईपर्यंत अर्धं काम उरकलेलं असतं आणि आकडा चुकतो.

नोट्समधला तक्ता असा होता (प्रत्येकाच्या लाळेप्रमाणे आकडे थोडे बदलतात):

| तापमान (अंश से.) | निळा रंग जायला लागलेली मिनिटं |
|---|---|
| १० | २० |
| २० | १० |
| ३० | ५ |
| ३७ | ४ |
| ५५ | १० |
| ७० | ३० मिनिटांनंतरही रंग तसाच |

वेळ म्हणजे वेग नव्हे

आता चूक दिसेल. तक्त्यात वेळ आहे आणि पुस्तकातल्या आलेखात उभ्या अक्षावर वेग असतो. जो काम लवकर संपवतो त्याचा वेग जास्त. म्हणून १ ला वेळेने भागायचं. १० अंशाला १ भागिले २०, म्हणजे ०.०५. मग २० अंशाला ०.१०, ३० ला ०.२०, ३७ ला ०.२५, ५५ ला पुन्हा ०.१०.

७० अंशाचं काय? बहिणीने तो बिंदू सोडूनच दिला होता, कारण 'कधीच नाही' हा आकडा वेळेच्या अक्षावर मांडणार कुठे? पण वेगाच्या अक्षावर त्याला पक्की जागा आहे: शून्य. हा बिंदू गाळला तर रेषा ५५ लाच हवेत लटकते आणि विकर ७० ला काम पूर्ण थांबवतं ही मुख्य गोष्टच आलेखातून जाते.

हे सहा बिंदू जोडा. डावीकडून चढ हळू सुरू होतो. १० अंशांनी तापमान वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून चढ वर जाताना उभा होत जातो. ३७ च्या आसपास शिखर येतं आणि मग उतार शून्यावर आदळतो.

सारख्या उंचीचे दोन बिंदू

नोट्समध्ये एक प्रश्न होता: '२० आणि ५५ अंशाला वेग सारखाच आहे. दोन्हीकडे विकराची स्थिती सारखी आहे का?' मला हा त्या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न वाटला.

उत्तर आहे, नाही. २० अंशाला विकर धडधाकट असतं. फक्त रेणूंची हालचाल मंद, त्यामुळे स्टार्चशी गाठ कमी वेळा पडते. ती नळी ३७ ला आणा, वेग वाढेल. ५५ ला मात्र विकराच्या प्रथिनाची घडी मोडायला लागलेली असते. उकडलेलं अंडं थंड केलं म्हणून पुन्हा पातळ होत नाही, तसंच. नळी ३७ ला आणली तरी मोडलेला भाग सहसा परत येत नाही. फ्रोझन मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात ते याचसाठी: गोठवल्याने विकरं फक्त मंदावतात, उकळल्याने निकामी होतात.

आणखी एक. शिखर ३७ लाच हवं असा दगडावर कोरलेला नियम नाही. घडी मोडायला वेळ लागतो, त्यामुळे प्रयोग दोन मिनिटांत उरकला तर शिखर थोडं उजवीकडे दिसू शकतं.

सामूचा आलेख आणि माझं लिंबू

सामू, म्हणजे पीएच, याचा आलेख दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या टेकडीसारखा असतो. अमायलेजचं शिखर ६.८ च्या जवळ, जठरातल्या पेप्सिनचं २ च्या आसपास, आतड्यातल्या ट्रिप्सिनचं ८ च्या आसपास. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, म्हणून ६.८ आणि २ यांतलं अंतर दिसतं त्याहून फार मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी पेणला घरी मी हे करून बघितलं. भिजवलेले पोहे वाटून गाळले, लिंबू पिळलं, लाळ मिसळली. आम्लात अमायलेज थांबायला हवं, म्हणजे निळा रंग टिकायला हवा. पण रंग लगेच उडाला! थोडा वेळ वाटलं, सगळी पुस्तकं चूक. मग लाळ न घालता नुसतं पोह्याचं पाणी आणि लिंबू घेतलं, तरी रंग उडाला. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनलाच संपवतं, त्यात अमायलेजचा हात नव्हता. लिंबाऐवजी व्हिनेगर घेतलं तेव्हा निळा रंग टिकला.

अल्कलीच्या बाजूलाही हाच फास आहे. पेणमध्ये पोह्याचे पापड करणाऱ्या घरांत पापडखार सहज सापडतो, तो घालायचा मोह होईल. पण तीव्र अल्कलीतही आयोडीनचा रंग आपोआप जातो. म्हणून प्रत्येक सामूला लाळेशिवायची एक जोडनळी हवीच. तिच्यातही रंग गेला, तर तो आकडा आलेखात घ्यायचा नाही.

बहिणीने रात्रीच आलेख पुन्हा काढला. उभ्या अक्षावर तिने 'वेग (१ ÷ मिनिटं)' असं लिहिलं आणि ७० च्या वर, आडव्या रेषेवर, एक ठळक ठिपका दिला.