तुरीतले पंचवीस किलो

लातूर-अकोल्याच्या डाळ मिलमध्ये हजार किलो तूर टाकली तर हजार किलो डाळ निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी साठ्याच्या वहीत 'तूर वजा, डाळ जमा' एवढंच लिहिलेलं पुष्कळदा दिसतं.

समजा, डाळ ७२० किलो निघाली. सोबत खंडा ४०, चुणी ९०, टरफल ११० आणि खडे-काडीकचरा १५. बेरीज ९७५. उरलेले २५ गेले कुठे? बहुतेक हवेत. तुरीतला ओलावा १२ टक्क्यांवरून १० वर आला, की हजार किलोमागे २२ किलो पाणीच उडतं, बाकीची धूळ. ही नेहमीची घट. तिचा भार डाळीच्या भावावर पडतो आणि तो पडायलाच हवा.

खंडा, चुणी, टरफल मात्र विकलं जातं, चुणी तर गुरांच्या पेंडीत हातोहात खपते. म्हणून त्यांना साठ्यात स्वतंत्र नाव आणि वजन हवं. तूर व दळणाचा खर्च ७३,००० रुपये, या मालाची किंमत ४,५००. ती वजा करून उरलेले ६८,५०० भागिले ७२०, म्हणजे डाळ किलोला ९५ रुपयांना पडली. कचऱ्याचं फक्त वजन लिहायचं, किंमत शून्य.

एखाद्या दिवशी घट ४५ किलो आली, तर वरचे २० डाळीच्या भावात मुरवू नका. वेगळे तोट्यात दाखवा. मग आधी ओलावा तपासा, नंतर काटा, आणि शेवटी फाटक.