साडेनऊ तासांपलीकडचा आवाज

डेटिंग अ‍ॅपवर जुळलेली दोन माणसे वेगवेगळ्या देशांत राहतात आणि रोजच्या व्हॉइस नोटांमधून एकमेकांच्या जवळ येतात. लघुकथेचा हा विषय वरवर सोपा वाटतो. जुन्या पत्रकथेतला कागद काढून तिथे फोन ठेवला की झाले, असे समजून लिहिलेली कथा मात्र हमखास फसते. पत्र लिहिणारा शब्द निवडतो, खोडतो, पुन्हा लिहितो. व्हॉइस नोटमध्ये शब्दांसोबत न निवडलेलेही बरेच काही जाते, आणि या कथेचा ऐवज तिथेच असतो.

समजा, ती नाशिकमध्ये औषधांचे दुकान चालवते आणि मूळचा सांगलीचा तो टोरांटोत नोकरी करतो. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो. सकाळी साडेसातला ट्रामच्या थांब्याकडे चालत जाताना तो बोलतो, तेव्हा नाशिकमध्ये संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. गिऱ्हाइकांची गर्दी सुरू होण्याआधी ती ते ऐकून घेते. तिचे उत्तर रात्री साडेदहाला, जेवणे आटोपल्यावर, गच्चीवरून जाते; त्याच्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. दोघे एकाच वेळी निवांत असतील असा क्षण आठवड्यातून एखादाच. म्हणून फोनपेक्षा नोट सोयीची पडते.

पहिल्या आठवड्यातल्या नोटा वीस-पंचवीस सेकंदांच्या, आधी मनात घोळवलेल्या आणि ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या असतात. पाठवण्यापूर्वी स्वतःचाच आवाज दोनदा ऐकला जातो, आवडला नाही तर पुसला जातो. महिनाभरात त्याच नोटा चार-पाच मिनिटांच्या होतात आणि त्यांत ‘अरे, थांब हं, आई हाक मारतेय’ असे तुकडे तसेच राहू देतात. तिच्या नोटेत खालच्या मजल्यावरची मालिका ऐकू येते, त्याच्या नोटेत चढावरचा दम. जवळीक वाढल्याची खूण प्रेमाच्या वाक्यात शोधण्यापेक्षा या न पुसलेल्या आवाजांत शोधावी. चांगला कथाकार कबुली लिहीत बसत नाही. नोट पुसणे कधी थांबले एवढेच तो दाखवतो.

आवाजाच्या या परिणामाला संशोधनाचाही काही आधार आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या मित्राशी फोनवर बोलणे ईमेलपेक्षा अवघडलेपणाचे ठरेल, असे लोकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात बोललेल्यांना अधिक जवळीक जाणवली आणि अवघडलेपण वाढले नाही. अर्थात तो अभ्यास थेट संभाषणाचा होता. व्हॉइस नोट थेट नसते, आणि कथेतला पेच इथूनच निघतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोतली घड्याळे तासभर मागे जातात. भारतात तसे काही होत नाही. तो नेहमीसारखाच साडेसातला बोलतो, पण नाशिकमध्ये आता सहा वाजलेले असतात आणि दुकान भरलेले असते. ती नोट रात्री साडेदहाला ऐकते. व्हॉट्सअ‍ॅपवर नोट ऐकली गेली की पाठवणाऱ्याला माइकचे चिन्ह निळे दिसते. वाचल्याची खूण बंद ठेवता येते, ऐकल्याची नाही. आजवर दहा मिनिटांत निळे होणारे चिन्ह आता त्याच्या दुपारच्या बारापर्यंत राखाडीच राहते. तिचा उत्साह ओसरला, असे त्याला वाटते. हा आताशा आळसावला, असे तिला वाटते. दोघांनी काहीच केलेले नसताना रुसवा तयार होतो. नोटांमधून तो मिटवणेही कठीण, कारण खुलासा पोहोचेपर्यंत दुसऱ्याची तक्रार निघालेली असते. खलनायक, जुने प्रेमप्रकरण, घरचा विरोध यांपैकी काहीही न आणता कथेला वळण देता येते ते असे.

दुसरा धोका उशिरा दिसतो. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडले की, पडद्याआडून बोलताना माणूस स्वतःची निवडक बाजू दाखवतो आणि ऐकणारा उरलेले चित्र आपल्या मनाने, बहुधा अधिक चांगले, भरून काढतो. वॉल्थर यांची मांडणी मुख्यतः लिखित संवादाची होती. आवाजातून स्वभाव अधिक उघड होतो हे खरे, पण मध्येच तोडणे, न पटलेले ऐकून लगेच चेहरा पाडणे, गप्प बसणे हे नोटेत घडत नाही. प्रत्येकाला आपले म्हणणे अखंड पूर्ण करता येते. त्यामुळे पहिल्या थेट व्हिडिओ कॉलवर ही दोघे एकाच वेळी बोलू लागतात, एकाच वेळी थांबतात आणि पाच मिनिटांत विषय संपतात. कॉल ठेवल्यावर कुणीतरी पुन्हा नोट पाठवते. ती पुन्हा वीस सेकंदांची, दोनदा ऐकून पाठवलेली असेल, तर वाचकाला निराळे काही सांगावे लागत नाही.