बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे उतरणारी कळ

मोठे आतडे ओटीपोटात उजव्या बाजूला जिथे सुरू होते, तिथे त्याला एक बारीक नळी लोंबत असते. तिचे एक तोंड आतड्यात उघडते आणि दुसरे टोक बंद असते. साधारण 8 ते 10 सेंटीमीटर लांबीच्या आणि करंगळीहून बारीक असलेल्या या नळीला आंत्रपुच्छ म्हणतात. बोलीत मात्र सगळे तिला अपेंडिक्सच म्हणतात. तिला सूज आली की होणारा आजार म्हणजे अपेंडिसायटिस. तो कोणत्याही वयात होतो, पण 10 ते 30 या वयात जास्त दिसतो. नळी उजवीकडे खाली असली तरी दुखायला बहुधा तिथे सुरुवात होत नाही. पहिली कळ बेंबीच्या आसपास येते, आणि रोगी, घरचे लोक, कधीकधी डॉक्टरही तिथेच फसतात.

बेंबीपाशीच का दुखते, याचे उत्तर मज्जातंतूंच्या रचनेत आहे. नळीचे तोंड एखाद्या कठीण झालेल्या मळाच्या खड्याने बंद होते, किंवा तिच्या भिंतीतल्या ग्रंथी सुजून आतली जागा चिंबते. नेमके कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. तोंड बंद झाले तरी आतले अस्तर चिकट स्राव सोडतच राहते, आत दाब वाढतो आणि नळी ताणली जाते. हा ताण मेंदूपर्यंत नेणारे तंतू पाठीच्या कण्यात छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर शिरतात, आणि बेंबीजवळच्या त्वचेच्या संवेदनाही त्याच पातळीवर येतात. मेंदूला दोन्हींतला फरक करता येत नाही. म्हणून दुखते अपेंडिक्स, पण हात जातो बेंबीवर. ही वेदना मोघम असते. ‘पोटात कुठेतरी मधोमध दुखतंय’ यापलीकडे रोग्याला सांगता येत नाही. ती कमीजास्त होते, मळमळ आणते आणि भूक मारते.

पुढच्या काही तासांत, बहुधा 4 ते 12 तासांत, कधी त्याहून उशिरा, सूज नळीच्या भिंतीतून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचते आणि पोटाच्या भिंतीला आतून असलेले अस्तर तिच्यामुळे चुरचुरू लागते. या अस्तराला त्वचेसारखेच नेमकी जागा सांगणारे तंतू असतात. त्यामुळे आता वेदना मोघम राहत नाही. कमरेच्या उजव्या हाडाचे पुढे आलेले टोक आणि बेंबी यांच्यामध्ये एक रेघ मनात ओढली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर जी जागा येते तिथे रोगी एका बोटाने दुखणे दाखवतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये या जागेचे वर्णन केले. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वेदनेची जागा बदलली याचा अर्थ आजार पुढच्या टप्प्यात गेला. घरात मात्र याचा बरोबर उलटा अर्थ लावला जातो. ‘गॅस खाली सरकला, आता सुटेल’ असे म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि गॅसचे औषध लागू पडले असे वाटून त्याचा आणखी एक डोस दिला जातो.

हे कसे घडते ते एका नेहमीच्या उदाहरणातून पाहू. सोळा वर्षांच्या मुलाला रात्री दहाच्या सुमारास बेंबीपाशी दुखू लागते. संध्याकाळी त्याने बाहेर वडापाव खाल्लेला असतो, त्यामुळे कारण आयतेच सापडते. ओवा आणि काळे मीठ चावायला दिले जाते, बेंबीभोवती हिंग लावला जातो, सोड्याची पुडी पाण्यात फसफसवून पाजली जाते. अकराला त्याला ढेकर येते, थोडे बरे वाटते. बाराला एक उलटी होते आणि ‘अपचनच होते, बाहेर पडले’ असा निकाल लागतो. पहाटे चारपर्यंत दुखणे उजवीकडे खाली उतरलेले असते आणि आता थांबत नसते. सकाळी चहा नको, पोहे नकोत. ताप जेमतेम 37.8 अंश सेल्सियस, म्हणून तो मोजूनही कोणी मनावर घेत नाही. बाथरूमला जाताना मुलगा थोडा वाकून, उजवी बाजू सांभाळत चालतो. दुपारी शौचाला होत नाही म्हणून एरंडेल दिले जाते. संध्याकाळी शेजारच्या मावशी बेंबी सरकली असेल असे सांगून पोट चोळून देतात. दुसऱ्या रात्री कळ एकदम कमी होते आणि घर झोपी जाते. पहाटे मुलगा थंडीने कुडकुडत उठतो. पोट फळीसारखे कडक, नाडी वेगवान, ताप 39 च्या पुढे. मधल्या शांततेत अपेंडिक्स फुटले होते. आतला दाब निघून गेला म्हणून ताणाची कळ थांबली, आणि पू पोटात पसरला तसे दुखणे सगळ्या पोटात आले.

या तीस तासांत झालेल्या उपायांचे नुकसान सारखे नाही. ओवा, हिंग, सोडा किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या यांनी अपेंडिक्सचे काही बिघडत नाही, आणि सुधारतही नाही. बंद झालेले तोंड त्यांनी उघडत नाही. ते फक्त वेळ घेतात. पण सुरुवातीची कळ मुळातच लाटेसारखी येते-जाते, त्यामुळे औषध घेतल्यावर येणारा नैसर्गिक उतार औषधाच्या नावावर जमा होतो. त्यात अपेंडिसायटिसच्या अनेक रोग्यांना ‘एकदा पोट साफ झाले की बरे वाटेल’ अशी खरोखरीची जाणीव होते. वारा अडकल्यासारखे वाटते, पण सरला तरी आराम पडत नाही. ही जाणीवच जुलाबाकडे नेते. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या आणि एनिमा हे मात्र निरुपद्रवी नाहीत. ते आतड्यांची हालचाल आणि दाब वाढवतात, आणि सुजलेली, कमकुवत झालेली नळी फुटायला हातभार लावतात. पोट चोळणे यापेक्षा बरे नाही. घरी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे झाकले जाते आणि दवाखान्यात जायची घाई वाटेनाशी होते. रुग्णालयात तपासणीसोबत वेदनाशामक दिले तर निदान बिघडत नाही, हे आता अभ्यासांतून दिसले आहे. अडचण गोळीची नाही, तपासणीविना गोळीची आहे.

मग साधे पोटदुखणे ओळखायचे कसे? गॅसचे दुखणे फिरते. आता इथे, मग डावीकडे, मग बरगडीखाली, आणि वारा सरला किंवा शौच झाले की खरोखर कमी होते. अपेंडिक्सचे दुखणे एकदाच जागा बदलते, मग तिथे बसते आणि तासागणिक वाढते. ते हालचालीने वाढते. खोकला आला, शिंक आली, रिक्षा गतिरोधकावरून गेली, की उजव्या बाजूला टोचते. रोगी निपचित पडून राहतो, अनेकदा उजवा गुडघा पोटाशी घेऊन. याउलट मूतखड्याचा रोगी तळमळत लोळतो. क्रमही पाहावा. अपेंडिक्समध्ये आधी दुखते, मग मळमळ किंवा उलटी, आणि ताप त्याच्याही नंतर. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटदुखी असेल तर बाहेरच्या खाण्याचा संशय जास्त रास्त. शिवाय भूक. दुखत असूनही मूल आवडीचे खायला मागत असेल, तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते, संपत मात्र नाही.

हा पाठ्यपुस्तकातला क्रम निम्म्याच्या आसपास रोग्यांतच पुरा दिसतो, ही मोठी अडचण. नळी आतड्याच्या मागे दडलेली असेल तर कमरेत किंवा पाठीत दुखते. ती खाली कटिपोकळीत असेल तर वरचेवर लघवीला होते किंवा पातळ शौचाला होते, आणि हे सगळे जुलाबाच्या खात्यात जाते. गरोदरपणात गर्भाशय वाढते तशी ती वर ढकलली जाते आणि दुखणेही वर जाते. लहान मुलाला नीट सांगता येत नाही, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले सापडणे मुळीच विरळ नाही. वृद्धांत ताप आणि वेदना दोन्ही सौम्य राहू शकतात. तरुण स्त्रियांत उजव्या बीजांडाचा पीळ किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ हेही याच जागी दुखतात आणि तेही थांबू देणारे आजार नाहीत. त्यामुळे कोणत्याही दिशेने विचार केला, तरी उजवीकडे खाली बसलेले दुखणे घरी सांभाळण्याचे नाही.

दवाखान्यात पहिले काम हाताचे असते. डॉक्टर पोट दाबून पाहतात, दाब एकदम सोडताना जास्त दुखते का हे पाहतात, डावीकडे दाबून उजवीकडे दुखते का विचारतात. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, पण सुरुवातीला त्या सामान्यही असू शकतात. लघवीची तपासणी आणि विवाहित-अविवाहित न पाहता वयात आलेल्या मुलीची व स्त्रीची गर्भचाचणी होते. सोनोग्राफीत सुजलेली नळी दिसली तर निदान पक्के. मात्र ‘नळी दिसली नाही’ म्हणजे ‘सूज नाही’ असे नव्हे, तेव्हा सीटी स्कॅन किंवा काही तासांनी पुन्हा तपासणी लागते. उपचार बहुधा दुर्बिणीतून नळी काढणे हाच असतो. न फुटलेल्या काही रोग्यांत केवळ प्रतिजैविकांनी काम भागते. मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा दहांपैकी जवळजवळ तिघांना तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करावीच लागली. हा मार्ग स्कॅन पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा असतो. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या अर्ध्या कोर्सशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक सुजलेले अपेंडिक्स फुटतेच असे नाही. कधी आतडी आणि चरबीचा पदर भोवती चिकटून पू एका जागी कोंडला जातो. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला होता. दोन दिवस आधी त्याच्या पोटातला असा गळू शल्यचिकित्सकांना फोडावा लागला आणि सोहळा ऑगस्टपर्यंत पुढे गेला. पण ही नशिबाची गोष्ट झाली. पहिल्या दिवसात फुटण्याचा धोका कमी असतो, दीड दिवसानंतर तो वाढत जातो. न फुटलेल्या अपेंडिक्सचा रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. फुटल्यावर पोट धुणे, शिरेतून प्रतिजैविके आणि आठवडाभर किंवा अधिक रुग्णालय, शिवाय पुन्हा पू साठण्याची भीती.

पोटदुखी सहा तासांत थांबली नाही, किंवा बेंबीपासून उजवीकडे उतरून तिथे बसली, तर खाणेपिणे थांबवावे, कारण भूल देण्यासाठी पोट रिकामे लागते. जुलाब, एनिमा आणि चोळणे टाळून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गाडी नसेल तर महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते. आणि जाताना डॉक्टरांना सांगण्यासाठी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: दुखणे किती वाजता आणि कुठे सुरू झाले, जागा केव्हा बदलली, आणि घरी कोणकोणती औषधे दिली.