पत्रिकेचा मजकूर मागताना

लग्न ठरलं की घरातल्या लिहित्या माणसाला हमखास निरोप येतो : ‘पत्रिकेसाठी छानसा मजकूर करून दे.’ निरोपात तेवढंच असतं. तारीख नाही, कार्यालय नाही, पत्रिका कुणाच्या नावानं निघणार तेही नाही. मागणाऱ्याला वाटतं, आधी शब्द जमू देत, तपशील मागाहून घालता येतील. पण पत्रिकेचं वाक्यच तपशिलावर उभं राहतं.

त्यातही पहिला प्रश्न यजमानांचा. मुलीकडची पत्रिका अशी चालते : ‘आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. …… हिचा शुभविवाह श्री. …… यांचे चिरंजीव चि. …… यांच्याशी करण्याचे योजिले आहे.’ मुलाकडून निघाली तर ‘आमचे चिरंजीव’ पुढे येतात आणि मुलीचे वडील ‘यांची सुकन्या’च्या आधी बसतात. दोन्ही घरं मिळून बोलावणार असतील, तर ‘आमची’, ‘आमचे’ हे शब्दच चालत नाहीत. मग दोघांच्या आईवडिलांची नावं देऊन ‘यांचा शुभविवाह उभय कुटुंबांनी निश्चित केला आहे’ असं वाक्य नव्यानं बांधावं लागतं. एक नाव काढून दुसरं घालून हे भागत नाही.

खरी कसोटी लागते ती मुलीचे वडील हयात नसतात तेव्हा. मजकूर मागणारे काका हे सांगायला विसरतात आणि नेहमीच्या साच्यात कै. असलेल्या माणसाच्या नावानं निमंत्रण छापलं जातं. दुसरीकडे, ‘निमंत्रक’ म्हणून काकांचं नाव घालून आईला वगळण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. ती मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. ‘कै. …… व श्रीमती …… यांची कन्या’ असं मुलीच्या नावाआधी द्यावं, निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं आणि त्याखाली काका-काकू, मामा-मामी. वाक्य कुठंही अडखळत नाही. मात्र हे त्या घराला विचारूनच लिहावं, परस्पर नव्हे.

तारखेचं गणित वरवर सोपं दिसतं. पण मराठी पत्रिकेत वार, इंग्रजी तारीख, तिथी, शक आणि मुहूर्ताची वेळ एकत्र येतात. यातलं एक जरी अंदाजानं भरलं तरी प्रूफ वाचताना ते सहसा सापडत नाही, कारण घरचे लोक नावं आणि मानपान तपासतात; तिथी कुणी पंचांगाशी ताडून बघत नाही. म्हणून तारीख कळेपर्यंत ती जागा रिकामीच ठेवावी. सोयीची म्हणून घातलेली तारीख तशीच छापखान्यात जाते.

पाहुण्यांची भाषा विचारायची ती याच कारणासाठी. समजा, मुलगा साताऱ्याचा आणि मुलगी इंदूरच्या हिंदीभाषक घरातली. दिवस बुधवार, 14 मे 2025. साताऱ्याच्या पत्रिकेत ‘वैशाख कृष्ण द्वितीया, शके 1947’ छापलं जाईल. हिंदी पत्रिकेत त्याच दिवशी ‘ज्येष्ठ कृष्ण द्वितीया, विक्रम संवत 2082’ येईल. चूक कुणाचीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडचा पौर्णिमेला, त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं. शुक्ल पक्षात ते सारखंच राहतं. मराठी मजकुराचं शब्दशः हिंदी केलं तर इंदूरच्या आजोबांना तारीख आणि तिथी यांत महिन्याचा फरक दिसेल आणि फोन सुरू होतील. घर गुजराती असेल तर महिना आपल्यासारखाच वैशाख, पण संवत 2081, कारण त्यांचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं. म्हणून प्रत्येक भाषेतली तिथीची ओळ त्या-त्या घरच्या गुरुजींकडूनच घ्यावी.

स्थळाबद्दल फार सांगायला नको. कार्यालयाच्या नावाबरोबर रस्ता, जवळची खूण आणि गाव लागतं. एकाच आवारात दोन हॉल असतील तर हॉलचं नावही लागतं. ‘गोरज मुहूर्तावर’ एवढंच लिहिलं तर परगावच्या माणसाला किती वाजता पोहोचायचं ते कळत नाही. शेजारी घड्याळाची वेळ द्यावी.

अशी अपुरी मागणी आली की मी चारच गोष्टी उलट विचारते : बोलावणार कोण, कधी, कुठे आणि वाचणार कोण. उत्तरं यायला वेळ असेल तर मुलीकडचा आणि दोन्ही घरांचा असे दोन कच्चे मजकूर रिकाम्या जागांसह पाठवते. ते समोर ठेवले की मोठी माणसं एकत्र बसतात आणि बोलणीत राहून गेलेला विषय निघतो : पत्रिका एकच काढायची की दोन्ही घरांनी आपापली.